मॉडेल ‘९० टक्के’ म्हणते तेव्हा

छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया आहे की नाही हे सांगणारे एक मॉडेल आहे असे धरू. एका एक्स-रेवर ते म्हणते, ‘न्यूमोनिया आहे, खात्री ९० टक्के.’ पुढच्या तपासण्यांत कळते की त्या रुग्णाला न्यूमोनिया नव्हताच. मॉडेलचे उत्तर चुकले, यात वाद नाही. पण त्याने सांगितलेला ९० हा आकडाही चुकला का?

एका रुग्णावरून हे सांगताच येत नाही. ९० टक्के खात्री म्हणजे दहा वेळांपैकी साधारण एकदा चूक होणार, हे त्या आकड्यातच आलेले आहे. असे म्हणणारे मॉडेल शंभरपैकी शंभर वेळा बरोबर आले, तर तेही आकड्याशी विसंगतच, कारण मग त्याने खात्री कमी सांगितली. खात्रीचा आकडा तपासायचा तर तो नेहमी घोळक्यात तपासावा लागतो. मॉडेलने ९० म्हटलेली सगळी उदाहरणे एकत्र काढायची आणि त्यांतली खरोखर किती बरोबर निघाली ते मोजायचे. ७० म्हटलेली वेगळी, ६० म्हटलेली वेगळी. प्रत्येक घोळक्यात सांगितलेला आकडा आणि घडलेला आकडा जुळत असतील, तर ते मॉडेल कॅलिब्रेटेड आहे असे म्हणतात.

हा विचार संगणकांच्या आधी हवामानखात्यांत रुजला. उद्या पाऊस पडण्याची शक्यता ७० टक्के, असे सांगणाऱ्याला नेमके कसे पारखायचे? अमेरिकेच्या हवामान विभागातल्या ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली त्यासाठी गुण देण्याची एक पद्धत मांडली, ती आजही ‘ब्रायर स्कोअर’ नावाने वापरली जाते. १९६५ पासून तिथे पावसाची शक्यता टक्क्यांत जाहीर होऊ लागली. हवामानतज्ज्ञ या बाबतीत पुढे चांगले तयार झाले, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. त्यांना रोज एक अंदाज सांगावा लागतो आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर मिळते. मॉडेलला असे उत्तर आपणहून मिळत नाही, कुणीतरी बसून हिशेब मांडावा लागतो.

तो हिशेब एकदा पूर्ण मांडून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण त्यांची ठेवण प्रत्यक्षात वारंवार दिसते तशीच आहे. मॉडेलला शिकवताना न वापरलेले १००० एक्स-रे घेतले, आणि प्रत्येकाचे खरे निदान आपल्याला माहीत आहे. मॉडेल प्रत्येकावर ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणते आणि त्या उत्तराची खात्री सांगते. दोनच पर्याय असल्यामुळे खात्री ५० टक्क्यांच्या खाली जात नाही. मग खात्रीनुसार एक्स-रेंचे पाच गट पाडले.

५० ते ६० च्या गटात १०० एक्स-रे आले. त्यांची सरासरी खात्री ५५ आणि बरोबर निघाले ५४. इथे तक्रारीला जागा नाही. ६० ते ७० मध्येही १००, सरासरी खात्री ६५, बरोबर ६०. ७० ते ८० मध्ये १५०, सरासरी खात्री ७५, बरोबर ९९, म्हणजे ६६ टक्के. ८० ते ९० मध्ये २००, सरासरी खात्री ८५, बरोबर १४८, म्हणजे ७४ टक्के. आणि ९० च्या वर तब्बल ४५०. त्यांची सरासरी खात्री ९७, बरोबर ३८७, म्हणजे ८६ टक्के.

हेच आकडे आलेखावर मांडले, आडव्या अक्षावर सांगितलेली खात्री आणि उभ्या अक्षावर प्रत्यक्ष बरोबर आलेल्यांचे प्रमाण, की त्याला रिलायबिलिटी डायग्राम म्हणतात. कॅलिब्रेटेड मॉडेलचे ठिपके कर्णरेषेवर बसतात. आपले ठिपके सुरुवातीला रेषेला टेकलेले आहेत आणि खात्री वाढते तसे रेषेच्या खाली घसरत जातात. हा फाजील आत्मविश्वास आहे, आणि खात्री जितकी जास्त तितका तो जास्त.

एका आकड्यात सांगायचे तर प्रत्येक गटातली तफावत घ्यायची, त्या गटात जितके एक्स-रे तितके तिला वजन द्यायचे आणि सरासरी काढायची. आपल्याकडे तफावती १, ५, ९, ११ आणि ११ आहेत, त्यांची अशी सरासरी ९.१ येते. ‘एक्स्पेक्टेड कॅलिब्रेशन एरर’ किंवा ईसीई म्हणून जो आकडा शोधनिबंधांत दिसतो, तो हाच. माझे मत विचाराल तर मी आधी गटांचा तक्ता मागतो आणि ईसीई नंतर बघतो. एकच सरासरी चूक कुठे आहे ते झाकून टाकते, शिवाय गट पाचऐवजी पंधरा पाडले की तीही थोडीफार बदलते.

आता या नऊ टक्क्यांनी नेमके काय बिघडते ते पाहा. समजा रुग्णालयाने नियम केला की मॉडेलची खात्री ९० च्या वर असेल तर एक्स-रे पुन्हा डॉक्टरांनी पाहायची गरज नाही. मॉडेलच्या शब्दावर विसंबले तर त्या ४५० मध्ये ३ टक्के, म्हणजे तेरा-चौदा चुका अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात चुका आहेत ६३. म्हणजे अपेक्षेपेक्षा जवळजवळ पन्नास रुग्ण जास्त असे, की ज्यांचे निदान चुकले आणि नियमामुळेच ते कुणाच्या नजरेखालून गेले नाही. मॉडेलची अचूकता ७४.८ टक्के आहे हे सगळ्यांना माहीत असू शकते, अहवालातही लिहिलेले असू शकते. तरी हे घडते, कारण नियम अचूकतेवर चालत नाही, खात्रीच्या आकड्यावर चालतो.

गट मोजताना एक पथ्य पाळावे लागते. एखाद्या गटात दहाच उदाहरणे असतील आणि खात्री ९० असताना सातच बरोबर निघाली, तर लगेच मॉडेलला दोष देऊ नये. खरोखर ९० टक्के बरोबर असणाऱ्या मॉडेललाही दहांपैकी सात किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता सुमारे ७ टक्के असते. शंभरात सत्तर आले तर मात्र तो योगायोग नव्हे, कारण तिथे नशिबाने होणारा चढउतार तीनेकाचा असतो आणि इथे फरक वीसचा आहे. छोट्या गटांवरून काढलेले निष्कर्ष या क्षेत्रात फार लोकांना फसवतात.

हा फाजील आत्मविश्वास येतो कुठून? चुआन गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की जुन्या काळातली लहान न्यूरल नेटवर्क बऱ्यापैकी कॅलिब्रेटेड होती, उलट नवी, खोल, जास्त अचूक नेटवर्क सर्रास फाजील खात्री दाखवतात. मुळाशी शिकवण्याची रीत आहे. शिकताना मॉडेलला दंड बसतो, आणि तो बरोबर उत्तराला त्याने किती शक्यता दिली यावर ठरतो. बरोबर उत्तराला ९० टक्के दिले तर दंड ०.१०५, ९९ टक्के दिले तर ०.०१०. म्हणजे उत्तर आधीच बरोबर असले, तरी खात्री वाढवत नेली की दंड आणखी कमी होतो. मोठ्या मॉडेलमध्ये शिकवणीतली जवळजवळ सगळी उदाहरणे पाठ करण्याइतकी क्षमता असते. एकदा ती सगळी बरोबर यायला लागली, की पुढच्या शिकवणीत दंड कमी करायला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे आकडे फुगवणे. शिकवणीतल्या उदाहरणांवर ही खात्री खोटी नसते, कारण तिथे ते खरेच चुकत नाही. नव्या एक्स-रेवर मात्र ते चुकते, आणि फुगलेली सवय तशीच राहते.

त्याच शोधनिबंधात एक उपाय सांगितलेला आहे, आणि तो इतका साधा आहे की पहिल्यांदा वाचताना विश्वास बसत नाही. त्याचे नाव टेंपरेचर स्केलिंग. मॉडेल टक्केवारी देण्याआधी आत एक कच्चा आकडा काढते, त्याला लॉजिट म्हणतात. तो शून्य असेल तर खात्री ५० टक्के, आणि तो वाढेल तशी खात्री १०० कडे सरकते. उपाय एवढाच की सगळे लॉजिट एका ठरावीक संख्येने भागायचे:

```
p = 1 / (1 + exp(-z / T))
```

इथे `z` म्हणजे लॉजिट आणि `T` म्हणजे टेंपरेचर. `T` एकापेक्षा मोठा घेतला की सगळी खात्री ५० च्या दिशेने ओढली जाते, आणि जिथे ती जास्त फुगलेली आहे तिथे जास्त ओढली जाते. आपल्या मॉडेलवर `T = 1.8` लावून पाहू. ९७ टक्क्यांचा लॉजिट ३.४८. तो १.८ ने भागला की १.९३ होतो आणि खात्री येते ८७ टक्के. त्या गटात प्रत्यक्षात ८६ टक्के बरोबर होते. ८५ चे होतात ७२, प्रत्यक्षात ७४. ७५ चे ६५, प्रत्यक्षात ६६. ६५ चे साधारण ५९, प्रत्यक्षात ६०. ५५ चे ५३, प्रत्यक्षात ५४. एका संख्येने पाचही गट दोन टक्क्यांच्या आत आले. `T` ची किंमत शोधताना एक वेगळा संच वापरतात, जो शिकवणीतला नाही आणि अंतिम चाचणीतलाही नाही. त्यावर वर सांगितलेला दंड सर्वांत कमी होईल अशी किंमत निवडतात. संख्या एकच शोधायची असल्यामुळे त्याला फार मोठा संच लागत नाही.

या उपायाने मॉडेल जरासुद्धा हुशार होत नाही, हे इथे ठामपणे सांगायला हवे. ‘आहे’ म्हटलेल्या एकाही एक्स-रेचे ‘नाही’ झाले नाही. बरोबर उत्तरे आधी ७४८ होती, आताही ७४८ आहेत. कोणत्या एक्स-रेवर जास्त खात्री आणि कोणत्यावर कमी, हा क्रमही तोच. बदलले ते एवढेच, की ९० चा उंबरठा आता खरोखर ९० ला आहे. आधी ज्यांची खात्री ९८ च्या वर होती, तेच एक्स-रे आता ९० च्या वर राहतात. बाकीचे डॉक्टरांच्या टेबलावर जातात. डॉक्टरांचे काम वाढते, हे खरे. पण ते काम आधीही होते, फक्त कुणाला दिसत नव्हते.

आता ज्या ठिकाणी माणसे सर्वांत जास्त फसतात, तिथे येऊ. मॉडेल एका रुग्णालयात कॅलिब्रेट केले आणि दुसरीकडे नेले, तर काय होते? समजा पहिल्या ठिकाणी तपासायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना न्यूमोनिया असतो. १००० जणांत ५०० आजारी, ५०० निरोगी. मॉडेलने ‘आहे, ९० टक्के’ म्हटलेले १०० जण आहेत, आणि त्यांत ९० खरोखर आजारी, १० निरोगी. आकडा तंतोतंत खरा. याच गोष्टीकडे उलटीकडून पाहा. आजाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना मॉडेल असा शेरा देते, आणि निरोग्यांपैकी २ टक्क्यांना.

आता तेच मॉडेल सरसकट तपासणीच्या शिबिरात वापरले, जिथे १००० जणांत ५० च आजारी आहेत. एक्स-रे यंत्र तेच, आजार तोच, फोटो तसेच. ५० आजाऱ्यांपैकी १८ टक्के, म्हणजे ९ जणांना ‘आहे, ९० टक्के’ असा शेरा मिळेल. ९५० निरोग्यांपैकी २ टक्के, म्हणजे १९ जणांनाही तोच मिळेल. एकूण २८ जणांत आजारी ९. म्हणजे मॉडेल ९० टक्के म्हणते आणि खरे निघते ३२ टक्के. मॉडेलमध्ये काहीही बिघडलेले नाही, `T` ही तोच आहे. फक्त समोर येणारी माणसे बदलली. खात्रीचा आकडा एकट्या मॉडेलचा गुण नसतो. तो मॉडेल आणि समोरची माणसे या जोडीचा असतो, आणि जोडी बदलली की तक्ता नव्याने मांडावा लागतो. सुदैवाने फरक फक्त आजाराच्या प्रमाणाचाच असेल आणि ते नवे प्रमाण माहीत असेल, तर वरचाच हिशेब वापरून आकडा दुरुस्त करता येतो. यंत्र किंवा फोटो काढण्याची रीतच बदलली असेल, तर नव्या ठिकाणची खरी निदाने गोळा करण्यावाचून गत्यंतर नाही.

असाच घोटाळा एकाच रुग्णालयाच्या आतही लपू शकतो. ९० टक्के म्हटलेल्या २०० एक्स-रेंपैकी १८० बरोबर निघाले, तर तक्ता स्वच्छ दिसतो. पण त्यांतले १०० एक्स-रे विभागात उभे राहून काढलेले आणि ९८ बरोबर, उरलेले १०० खाटेवरच पोर्टेबल यंत्राने काढलेले आणि ८२ बरोबर, असे असू शकते. उठता येत नाही अशा, म्हणजे जास्त आजारी रुग्णांचे एक्स-रे खाटेवर काढतात. एकूण बेरजेत दोघांचे दोष एकमेकांना खाऊन टाकतात आणि नुकसान एकाच गटाच्या वाट्याला येते.

उलट टोकाची गोष्टही ध्यानात असू द्या. जिथे ३० टक्के लोकांना आजार आहे तिथे एखादे मॉडेल प्रत्येकाला, एक्स-रे न पाहताच, ‘शक्यता ३० टक्के’ म्हणत असेल, तर ते निर्दोष कॅलिब्रेटेड आहे आणि पूर्णपणे निरुपयोगी आहे. आजारी आणि निरोगी वेगळे ओळखण्याची ताकद ही कॅलिब्रेशनपेक्षा स्वतंत्र बाब आहे. ब्रायर स्कोअरची फोड केली तर त्यात या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसतात, म्हणून दोन मॉडेलांची तुलना करताना तो ईसीईपेक्षा जास्त भरवशाचा.

भाषेची मॉडेल्स, म्हणजे प्रश्नाला वाक्यांत उत्तर देणारी, या सगळ्यात एक नवी गुंतागुंत आणतात. त्यांच्याकडे खात्री दोन ठिकाणी असते. एक आतली, म्हणजे पुढचा शब्द निवडताना प्रत्येक शब्दाला दिलेली शक्यता. दुसरी बाहेरची, म्हणजे ‘मला ९० टक्के खात्री आहे’ असे शब्दांत लिहिलेली. या दोन्ही जुळतीलच असे नाही. पर्याय दिलेल्या प्रश्नांत अ, ब, क, ड यांपैकी कोणत्या अक्षराला किती शक्यता दिली, हे आतून वाचता येते. ओपनएआयने २०२३ साली जीपीटी-४ चा जो तांत्रिक अहवाल दिला, त्यात असा आलेख आहे. नुसता मजकूर वाचून शिकलेल्या मूळ मॉडेलची कॅलिब्रेशनमधली चूक सुमारे ०.७ टक्के होती. माणसांच्या पसंतीनुसार वळण लावल्यावर ती सुमारे ७.४ टक्के झाली.

हे विचित्र वाटते, पण शिकवणीचा हेतू पाहिला की उलगडते. मूळ शिकवणीत पुढचा शब्द ओळखायचा असतो, आणि तिथला मजकूर सगळा पाठ होण्याइतका थोडा नसतो, त्यामुळे दंड कमी ठेवायचा तर शक्यता खऱ्या प्रमाणाशी जुळवाव्याच लागतात. वळण लावताना मात्र माणसांना कोणते उत्तर आवडले यावर गुण मिळतात. तिथे शक्यता जुळवण्याचे बक्षीस नसते, एका पसंतीच्या उत्तराकडे सगळे वजन सरकवण्याचे असते.

बाहेरची, शब्दांत सांगितलेली खात्री तपासायची रीत तीच: उत्तरे माहीत असलेले प्रश्न घ्या, प्रत्येकाला उत्तर आणि खात्री दोन्ही मागा, गट पाडा, मोजा. करून पाहिले की बहुतेक आकडे ८०, ९०, ९५ अशा गोल संख्यांवर साचलेले दिसतात आणि खालचे गट जवळजवळ रिकामे राहतात. दुसरी अडचण अशी की परिच्छेदभर उत्तरात पाच-सहा विधाने असतात, त्यांतली चार बरोबर आणि एक चूक असेल तर त्या सगळ्याला मिळून एक खात्री कशाची? म्हणून नीट मोजणारे लोक उत्तर आधी एकेका विधानात फोडतात आणि प्रत्येकाची खात्री वेगळी घेतात.

आतल्या शक्यता वाचता येत नसतील, तर आणखी एक वाट आहे. तोच प्रश्न मॉडेलला वीस वेळा, दर वेळी नव्याने, विचारायचा. सतरा वेळा एकच उत्तर आले तर ८५ टक्के ही त्याची खात्री धरायची. शब्दांत मागितलेल्या आकड्यापेक्षा हा मार्ग पुष्कळदा बरा ठरतो, कारण मॉडेलला जे खरेच माहीत नाही, तिथे ते दर वेळी वेगळे काहीतरी रचते आणि एकमत आपोआप मोडते. पण मजकुरात सगळीकडे एकच चुकीची समजूत पसरलेली असेल, तर मॉडेल ती वीसच्या वीस वेळा तशीच सांगेल. एकमत १०० टक्के आणि उत्तर चूक. त्यामुळे या पद्धतीने काढलेली खात्रीही वापरण्याआधी माहीत उत्तरांच्या प्रश्नांवर गट पाडून मोजून घ्यावी लागते, आणि त्या प्रश्नांत अशा रूढ गैरसमजांचे प्रश्न मुद्दाम घालावे लागतात.